‘मी’, ‘तो’ आणि ‘करण्यात आले’ : दोघांचं बोलणं कागदावर कसं उतरवायचं

(वनहक्क समित्यांच्या सचिवांच्या शिबिरात एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलली तसेच ठेवले आहे, फक्त उदाहरणे नीट मांडली आहेत.)

बायांनो, दादांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्या-बाबांनो,

मला सांगितलंय की समितीच्या लिखाणावर बोल. बघा, पहिल्याच वाक्यात मी चूक केली. ‘मला सांगितलंय’ म्हणाले, पण कोणी सांगितलं ते बोललेच नाही. इथं चालतं, कारण तुम्हाला माहीत आहे. कागदावर हे चालत नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे.

दोन माणसं बोलतात आणि आपण ते थोडक्यात लिहून घेतो. समितीच्या सचिवाचं अर्धं काम हेच आहे. गार्ड आणि दावेदार बोलतात, म्हातारा आणि सचिव बोलतात, रेंजर आणि कार्यकर्ता बोलतात. ते लिहायचे तीन रस्ते आहेत. ‘मी सांगतो’ असं लिहा, ‘त्यांनी सांगितले’ असं लिहा, नाही तर ‘सांगण्यात आले’ असं लिहा. मी बारावी झाले, शाळेत हे प्रयोग-बियोग शिकवले होते. मार्क मिळाले आणि विसरले. ते खरं काय असतं ते मला एका बाबाच्या दाव्यावर कळलं, आणि माझ्याच हातून चुकल्यावर कळलं.

आमच्या पाड्यावर जागेची पाहणी होती. नियम १२ प्रमाणे समितीने दावेदाराला आणि वन खात्याला कळवून जागेवर जायचं असतं. आम्ही गेलो, गार्डसाहेब पण आले. बाबा बांधावर उभा, गार्ड खाली, मी मध्ये वही घेऊन. त्यांचं बोलणं असं झालं :

गार्ड : ही जागा कधी फोडली?
बाबा : माझ्या बापाने फोडली. मी तेव्हा गुरांमागे जायचो.
गार्ड : मधी बंद होती ना? आम्ही झाडं लावली होती इथं.
बाबा : खड्डे तुमच्याच माणसांनी खणले. मग दोन साल कुठं पेरू? तिसऱ्या साली परत नागली पेरली. हा बांध बघा, काय एका सालाचा आहे?
गार्ड : दंडाची पावती आहे का?
बाबा : होती. घर गळलं, भिजून गेली. तुमच्या दप्तरात असेल की.
गार्ड : बरं, बघतो दप्तरात.

एवढंच. पाच मिनिटांचं बोलणं. घरी येऊन मी लिहायला बसले. सरकारी कागद म्हणजे सरकारी भाषा पाहिजे, असं मला वाटलं. तहसीलच्या नोटिसा डोळ्यापुढं होत्या. मी लिहिलं :

‘सदर जागेची पाहणी करण्यात आली. जमीन वडिलांच्या काळापासून कसण्यात येत असल्याचे सांगण्यात आले. मध्यंतरी दोन वर्षे जमीन पडीक ठेवण्यात आली होती. दंडाची पावती सादर करण्यात आली नाही. दप्तरात पाहण्याचे ठरले.’

मला तेव्हा लई अभिमान वाटला. एक पण शब्द खोटा नाही बघा. जमीन दोन साल पडीक होती, हे खरं. पावती दिली नाही, हे खरं. ग्रामसभेत वाचून दाखवलं, सगळ्यांनी मान हलवली, कागद वर गेला. काही महिन्यांनी दावा परत आला. शेरा असा की दावेदाराने मध्यंतरी जमीन सोडली होती आणि पुरावा दिला नाही.

बाबा माझ्याकडं आला. म्हणाला, “पोरी, मी सोडली असं मी कधी बोललो?” मी वही काढली. वहीत नव्हतं. मग कागद काढला. कागदात पण ‘बाबाने सोडली’ असं नव्हतं. ‘ठेवण्यात आली’ असं होतं. कोणी ठेवली ते मी लिहिलंच नव्हतं. मी जागा रिकामी सोडली आणि वाचणाऱ्याने त्या रिकाम्या जागेत बाबाला बसवलं. दावा बाबाचा, कागद बाबाचा, मग ठेवणारा तोच असणार. वाचणाऱ्याला पण मी फार दोष देत नाही. त्याने तर जागा पाहिलीच नव्हती, त्याच्या पुढं फक्त माझा कागद होता.

मग मी ते पाच ओळींचं लिखाण परत वाचलं. प्रत्येक ‘ण्यात आले’च्या खाली रेघ मारली आणि बाजूला विचारलं, कोणी? पाहणी कोणी केली? समितीने, गार्ड हजर असताना. सांगितलं कोणी? बाबाने. जमीन पडीक कोणामुळं राहिली? खात्याने खड्डे खणले म्हणून. पावती कोणी दिली नाही? बाबाने, पण का, ते गेलं. आणि शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट. ‘दप्तरात पाहण्याचे ठरले.’ कोण पाहणार? गार्डसाहेब आपल्या तोंडाने म्हणाले होते, बघतो दप्तरात. माझ्या कागदात ते काम कोणाचंच राहिलं नाही. कोणाचंच नसलेलं काम कोण करतं?

म्हणून ‘करण्यात आले’ हा पहिला रस्ता मी बंद केला. कुठं उघडायचा ते शेवटी सांगते.

आता राहिले ‘मी’ आणि ‘तो’. यातलं कुठलं घ्यायचं? मी एक साधी खूण धरली आहे. कागदाखाली सही किंवा अंगठा कोणाचा आहे ते बघा. ज्याचा अंगठा, त्याचाच ‘मी’. बाबाचा अंगठा असेल तर कागदातला ‘मी’ म्हणजे बाबा. सचिवाची सही असेल तर ‘मी’ म्हणजे सचिव, आणि बाबा व गार्ड दोघं पण ‘ते’. एका कागदात दोन ‘मी’ ठेवायचे नाहीत.

पाहणीच्या बोलण्यात दोन पक्ष आहेत आणि लिहिणारा तिसरा आहे. तिथं ‘त्यांनी’चा रस्ता बरोबर. कारण ‘मी’ घेतला तर तो बाबाचा ‘मी’ होईल, आणि गार्डचं बोलणं बाबाच्या तोंडून येईल. वर वाचणारा म्हणेल, हे तर दावेदारच बोलतोय. समोर उभं राहून दोघांचं ऐकणाऱ्याने लिहिलं, तर गार्डचं बोलणं पण आपल्या पायावर उभं राहतं.

पण ‘त्यांनी’ लिहिताना दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा. बाबा पण ‘ते’ आणि गार्डसाहेब पण ‘ते’. आपण दोघांना मान देतो, म्हणून दोघांना एकच शब्द. ‘त्यांनी त्यांना सांगितले की त्यांनी खड्डे खणले.’ आता सांगा, कोणी कोणाला काय सांगितलं? म्हणून अशा कागदात ‘त्यांनी’ लिहायचंच नाही. प्रत्येक वेळी ‘दावेदारांनी’, ‘वनरक्षकांनी’. दहा वेळा आलं तरी चालेल. शाळेत बाई म्हणायच्या, तोच शब्द परत परत वापरू नका. निबंधात नका वापरू. पाहणीत वापरा.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे, आणि तो आपल्या मराठीतच आहे. आपण म्हणतो, ‘वनरक्षकांनी दावेदारांना सांगितले की मी दप्तरात बघतो.’ बोलताना यात काही घोळ नाही, ‘मी’ म्हणजे गार्ड. मराठीत ‘की’च्या पुढं आपण त्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं ठेवतो, ‘मी’चा ‘तो’ करतोच असं नाही. पण लिहिणारा सचिव स्वतः पण कागदात ‘मी’ असेल तर? ‘मी सचिव, जागेवर हजर होते. वनरक्षकांनी सांगितले की मी दप्तरात बघतो.’ सहा महिन्यांनी गार्डची बदली झाली, नवीन माणूस वाचतो आणि म्हणतो, बघा, सचिवच बघणार होती. तसंच ‘आम्ही’चं. गार्ड म्हणाले, ‘आम्ही झाडं लावली.’ त्यांचं ‘आम्ही’ म्हणजे वन खातं. माझ्या कागदात ‘सांगितले की आम्ही झाडे लावली’ असं आलं, तर ते आम्ही गावकरी पण होतं. मग गावाने झाडं लावली, म्हणजे गावाने ती जागा जंगल म्हणून कबूल केली!

यावर उपाय दोन. साधी गोष्ट असेल तर ‘मी’ आणि ‘आम्ही’ काढून त्या जागी माणूस घाला : वन खात्याने झाडे लावली, असे वनरक्षकांनी सांगितले. आणि ज्या वाक्यावर पुढं भांडण होऊ शकतं, ते वाक्य बोललं तसंच, त्याच शब्दांत, दोन्ही बाजूंनी अवतरण चिन्हं देऊन लिहा. चिन्हांच्या आतला ‘मी’ बोलणाऱ्याचा, बाहेरचा लिहिणाऱ्याचा. सगळं बोलणं असं लिहू नका, कागद संपेल. एक-दोन वाक्यं पुरतात.

बाबाचा कागद आम्ही ग्रामसभेपुढं परत लिहिला. वहीत बोलणं होतं म्हणून बरं. तो असा झाला :

‘दाव्याच्या जागेवर दावेदार व वनरक्षक यांच्यात झालेले बोलणे. वनरक्षकांनी विचारले, जागा कधी फोडली. दावेदारांनी सांगितले, दावेदारांच्या वडिलांनी फोडली, तेव्हा दावेदार गुरे राखत होते. वनरक्षकांनी विचारले, जागा मध्ये बंद होती काय, आणि म्हणाले : “आम्ही झाडं लावली होती इथं.” दावेदारांनी सांगितले, खात्याच्या माणसांनी जागेत खड्डे खणले म्हणून दावेदारांना दोन साल पेरता आले नाही; तिसऱ्या साली दावेदारांनी परत नागली पेरली. दावेदारांनी जुना बांध दाखवला. वनरक्षकांनी दंडाची पावती मागितली. दावेदारांनी सांगितले, घर गळून पावती भिजली, खात्याच्या दप्तरात नोंद असेल. त्यावर वनरक्षक म्हणाले : “बरं, बघतो दप्तरात.” हे बोलणे सचिवाने समोर उभे राहून ऐकले व वहीत टिपले.’

पहिल्या कागदापेक्षा हा दुप्पट-तिप्पट लांब झाला. होऊ द्या. आता ‘दोन साल’ वाचलं की लगेच पुढं खड्डे येतात आणि खणणारे येतात.

अशा कागदावर गार्डची सही पण मागा. २०१२ साली नियमांत सुधारणा झाली, त्याप्रमाणे पाहणीला हजर असलेल्या वन आणि महसूलच्या माणसांनी सही, हुद्दा, तारीख आणि काही म्हणणं असेल तर ते लिहायचं आहे. सही दिली नाही तर तिथं पण ‘सही देण्यात आली नाही’ असं लिहू नका. ‘वनरक्षकांना कागद वाचून दाखवला, सही मागितली, वनरक्षकांनी दिली नाही’ असं लिहा.

आता ‘मी’चा रस्ता. तो ज्येष्ठांच्या जबाबाला. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे, तिच्यात दावेदार सोडून दुसऱ्या ज्येष्ठ माणसांचा लेखी जबाब पण आहे. हा जबाब पण दोघांचं बोलणंच असतं. सचिव विचारतो, म्हातारा सांगतो. पण इथं सचिवाने कागदातून बाहेर निघायचं. साक्ष म्हाताऱ्याची आहे, अंगठा त्याचा आहे, म्हणून ‘मी’ त्याचा. प्रश्न गाळा, उत्तरं ‘मी’ने लिहा.

बाबाच्या शेजारच्या आजीचा जबाब मी असा घेतला. मी विचारलं, “आजी, ही जागा कोण कसतं?” आजी म्हणाली, “तोच की. आधी त्याचा बाप. मी नवी नवरी आले तेव्हा त्याच्या बापाकडं लावणीला जायची.” मी विचारलं, “जागा फोडताना पाहिलीस?” आजी म्हणाली, “नाय गं. सासरा सांगायचा.” जबाब झाला तो असा :

‘मी लग्न होऊन या पाड्यावर आले तेव्हा ही जागा दावेदाराचे वडील कसत होते. मी स्वतः त्यांच्याकडे लावणीला जात होते. वडिलांनंतर दावेदार कसतो, ते मी दरसाल पाहते. जागा त्याच्या वडिलांनी फोडली, असे माझे सासरे मला सांगत. फोडताना मी पाहिले नाही.’

शेवटची दोन वाक्यं मी गाळावी असं एक दादा म्हणाला. म्हणे, कशाला आपणच कमी लिहायचं? मी म्हटलं, उद्या चौकशीत आजीला विचारलं की तू फोडताना पाहिलंस का, तर ती खरंच सांगणार, नाय पाहिलं. मग कागदातली बाकीची खरी वाक्यं पण पडणार. ‘मी’ने लिहिलं म्हणजे डोळ्याने पाहिलं, असं वाचणारा धरतो. म्हणून पाहिलं ते ‘मी पाहिले’, ऐकलं ते ‘अमक्याने मला सांगितले’. आपल्या बोलण्यात ‘म्हणे’ हा शब्द हेच काम करतो. आजीच्या बोलण्यात ‘म्हणे’ आलं की वहीत खूण करा, हे ऐकलेलं आहे.

‘मी’चा दुसरा धोका म्हणजे त्या ‘मी’च्या तोंडात आपले शब्द कोंबणं. मी एक जबाब वाचला होता, कुठला ते सांगत नाही. म्हातारा म्हणाला असणार, “मी जंगलात शेत केलं.” लिहिणाऱ्याने लिहिलं, ‘मी वनजमिनीवर अतिक्रमण केले.’ त्याखाली अंगठा! त्या म्हाताऱ्याने ‘अतिक्रमण’ शब्द जन्मात बोलला नसेल. ‘त्यांनी’ लिहिलं असतं तर निदान तो लिहिणाऱ्याचा शब्द झाला असता. ‘मी’ लिहिल्यावर तो गुन्ह्याची कबुली झाला. म्हणून ‘मी’च्या कागदात शब्द पण त्याचेच. तो ‘राब’ म्हणाला तर राब, ‘खाचर’ म्हणाला तर खाचर. लिहून झालं की त्याच्या बोलीत वाचून दाखवा आणि विचारा, “बाबा, हे तू बोललास का?” तो जिथं थांबेल, डोकं खाजवेल, तिथं शब्द तुमचा आहे. तो बदला. मगच खाली लिहा, ‘वरील जबाब मला माझ्या बोलीत वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे’, आणि मग अंगठा. बाजूला लिहिणाऱ्याचं नाव व सही.

तिसरा प्रकार म्हणजे बोलणाऱ्या दोघांतला एक तुम्ही स्वतःच असता. तुम्ही रेंज ऑफिसात गेलात, साहेब काही बोलले. तोंडी बोलणं हवेत जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी पत्र द्या आणि पोच घ्या. इथं ‘मी’ म्हणजे तुम्ही, यात घोळ नाही. घोळ आहे समोरच्याला काय म्हणायचं त्यात. आपण मानाने ‘आपण’ लिहितो. पण ‘आपण’चे अर्थ दोन : तुम्ही पण, आणि आपण सगळे मिळून पण. ‘काल आपण जागेची मोजणी केली.’ साहेबांनी केली का सगळ्यांनी मिळून केली? या वाक्यात दोन्ही बसतं. साहेबांनी एकट्यानेच फीत धरून मोजलं असेल आणि गावाला ते मान्य नसेल, तर तुमच्याच पत्रावरून गाव त्या मोजणीत सामील होतं. म्हणून मान दुसरीकडं द्या, वर ‘महोदय’ लिहा, खाली ‘आपला विश्वासू’ लिहा, पण केलेल्या कामापुढं हुद्दा लिहा : वनक्षेत्रपालांनी मोजणी केली, तेव्हा गावातले कोणी हजर नव्हते.

आता ‘करण्यात आले’ कुठं चालतं? एक, जिथं करणारे सगळेच आहेत आणि त्यावर कोणाचं भांडण नाही. ‘ग्रामसभेची नोटीस पाड्या-पाड्यात लावण्यात आली.’ चालेल. तरी ठराव असेल तर ‘ग्रामसभेने ठरवले’ हेच बरं, कारण अधिकार ग्रामसभेचा आहे तर तिचं नाव असू द्या. दोन, जिथं कोणी केलं ते खरंच माहीत नाही. हद्दीचा दगड हलला, कोणी हलवला ते दिसलं नाही. तिथं पण मी म्हणते सरळ लिहा : ‘दगड जागेवर नाही, कोणी हलवला ते कोणी पाहिले नाही.’

तीन, ही नाजूक आहे. कधी एखादा माणूस आपल्याला हळूच सांगतो. समजा खात्याच्या रोजंदारीवरचा मजूर म्हणतो, “खड्डे मीच खणले होते, पण माझं नाव नको, रोज जाईल.” तिथं ‘खड्डे खणल्याचे सांगितले जाते’ असं लिहून त्याला वाचवता येतं. वाचवाच. पण मग त्या वाक्याला पुरावा समजू नका. ज्याच्यामागं माणूस नाही ते वाक्य चौकशीत उभं राहत नाही. नाव आणि पुरावा, दोन्ही एकदम लपवून चालत नाही. त्याने आपल्या मनाने नाव द्यायचं ठरवलं तर जबाब घ्या. नाही तर दुसरा पुरावा शोधा. तसंही एकाहून जास्त पुरावे बघायचे असा नियमच आहे.

माझं बोलणं संपत आलं. वहीचं पान असं पाडा : मध्ये उभी रेघ, डाव्या बाजूला कोण बोललं, उजव्या बाजूला काय बोललं. जागेवर एवढंच करा, मोठी वाक्यं घरी. बाबाचा दावा परत लिहिता आला तो त्या रेघेमुळं. नाही तर माझ्या डोक्यात पण ‘पडीक ठेवण्यात आली’ हेच राहिलं असतं. दावा ग्रामसभेने परत वर पाठवला आहे, आजीचा जबाब सोबत आहे. निकाल अजून आला नाही. दप्तरात बघितलं का, हे विचारायला आम्ही गार्डसाहेबांकडं जाऊन आलो. त्यांनी कागद वाचला, आपलं वाक्य वाचलं, आणि म्हणाले, “हो, हे मी बोललो होतो.” तेवढं मी वहीत लिहून घेतलं. डाव्या बाजूला, वनरक्षक.

जोहार.